‘घरासमोरच्यानेही’ कुठे तोडायचं?

‘आमच्या घरासमोरच्यानेही दुकान बंद ठेवलं होतं.’ या वाक्यातला दुसरा शब्द बोलताना कोणीही अडखळत नाही. ऐकणाराही क्षणभर थांबत नाही. पण त्या एका शब्दात सहा गोष्टी एकमेकींत अडकवलेल्या आहेत. मुळात ‘घर’. त्याचं सामान्यरूप ‘घरा’. त्याला चिकटलेलं शब्दयोगी अव्यय ‘समोर’. मग ‘चा’, तोही पुढच्या प्रत्ययासाठी स्वतःचं सामान्यरूप घेऊन ‘च्या’ झालेला. मग तृतीयेचा ‘ने’ आणि शेवटी ‘ही’. हाच मजकूर हिंदीत ‘घर के सामने वाले ने भी’ असा सहा सुट्या शब्दांत लिहिला जातो. मराठीत तो सलग लिहायचा, अशी आपली लेखनरीत आहे.

संगणकाला ही रीत कोणी सांगितलेली नसते. भाषांतर करणारी, शुद्धलेखन तपासणारी, शोध घेणारी किंवा मजकूर लिहिणारी प्रत्येक प्रणाली आधी मजकुराचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांवरच पुढचं सारं काम चालवते. या तुकड्यांना ‘टोकन’ म्हणतात आणि ते पाडणाऱ्या भागाला ‘टोकनायझर’. तुकडा कुठे पडला यावर बरंच काही ठरतं. ‘घरात’ आणि ‘घराला’ हे एकाच घराबद्दलचे शब्द आहेत, हे यंत्राला दिसेल की नाही, हे तिथेच ठरतं. आणि मराठीत हा तुकडा चुकीच्या जागी पडण्याची कारणं एकाखाली एक अशा तीन थरांत आहेत.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. ‘घर’ या एका शब्दाची दोन सामान्यरूपं होतात, ‘घरा’ आणि ‘घरां’. त्यांना लागणारे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मिळून पन्नासच धरली, तरी शंभर रूपं झाली. प्रत्येकाच्या शेवटी ‘ही’ येईल, ‘च’ येईल किंवा काहीच येणार नाही, म्हणजे तीनशे. ‘समोर’, ‘मागे’, ‘जवळ’ यांच्यापुढे ‘चा, ची, चे, च्या’ लागतात आणि त्या ‘च्या’वर पुन्हा ‘ला’, ‘ने’, ‘कडून’ चढतात, ते अजून मोजलेलंच नाही. क्रियापदांत तर ‘करणाऱ्यांपैकी’, ‘बसलेल्यांनासुद्धा’, ‘वाचण्यासारख्या’ अशी रूपं क्रियापदाची नामं आणि विशेषणं करून पुढे जातात. यातली बरीच रूपं लाखो वाक्यांच्या संग्रहातही एकदा येतात किंवा येतच नाहीत. त्यामुळे प्रत्येक रूप हा एक स्वतंत्र शब्द मानून त्याची यादी करण्याचा मार्ग मराठीला उपलब्ध नाही. शब्द तोडावाच लागतो.

पहिला थर अगदी खालचा, अक्षरांचा. तिथे व्याकरणाचा संबंधच येत नाही आणि तरीही नुकसान सर्वांत जास्त तिथेच होतं. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते युनिकोडमध्ये अनेक चिन्हांचं बनलेलं असतं. ‘च्या’ म्हणजे च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं. ‘घरासमोरच्यानेही’ हा शब्द आपल्या डोळ्यांना आठ अक्षरांचा. युनिकोडच्या हिशेबात पंधरा चिन्हांचा. साठवणुकीच्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, म्हणून हा शब्द 45 बाइटांचा होतो. ज्या टोकनायझरने इंग्रजी मजकूर पाहूनच तुकडे ठरवले, तो मराठी शब्दाला असा बाइटांपर्यंत फोडत जातो.

बाइटांच्याही आधी एक घोटाळा होतो. बहुतेक प्रणाली मजकुराची पहिली ढोबळ विभागणी ‘अक्षरं सलग असतील तोवर एक शब्द’ अशा नियमाने करतात. युनिकोडमध्ये व्यंजनं आणि स्वर ‘अक्षर’ या वर्गात आहेत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात. नियम लिहिणाऱ्याने इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून फक्त पहिला वर्ग घेतला, तर काना दिसताच त्याच्या मते शब्द संपतो. पायथन भाषेच्या अंगभूत साधनात हे दोन ओळींत पाहता येतं:

```
import re
re.findall(r"\w+", "मराठी")
# ['मर', 'ठ']
```

काना आणि वेलांटी गायब. भाषेच्या नावातून ‘मर’ आणि ‘ठ’ उरले. मोठ्या भाषा-प्रतिमानांच्या आधीच्या पिढीतल्या टोकनायझरांत हीच चूक थोड्या वेगळ्या रूपात होती. तिथे चिन्हं गळत नव्हती, पण ‘मराठी’चे ‘मर’, ‘ाठ’ आणि ‘ी’ असे भाग पडत. म्हणजे ‘रा’मधला काना त्याच्या ‘र’पासून तुटून पुढच्या ‘ठ’ला चिकटत असे. नंतरच्या टोकनायझरात जोडचिन्हांनाही शब्दाचा भाग मानलं गेलं आणि तुकड्यांचा साठा सुमारे एक लाखावरून दोन लाखांवर नेला. ओपनएआय कंपनीने मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ जाहीर करताना वीस भाषांतल्या नमुना-मजकुराचे आकडे दिले होते. मराठी नमुन्याला आधी 96 टोकन लागत होते, ते 33 झाले. इंग्रजीत 27 चे 24 झाले. मराठीतली ही घट भाषेच्या आकलनात काही सुधारणा झाल्यामुळे आलेली नाही. फोडणीचा नियम आणि साठा बदलल्याबरोबर ती आली.

याहून वाईट प्रकार 2018 मध्ये गूगलच्या बहुभाषिक ‘बर्ट’च्या पहिल्या आवृत्तीत होता. तिच्यात मजकूर स्वच्छ करताना युरोपीय अक्षरांवरच्या खुणा काढून टाकण्याची पायरी होती. ती पायरी जोडचिन्हांपैकी ज्यांना युनिकोड ‘जागा न घेणारी’ म्हणतो, ती सगळी पुसते. देवनागरीत त्यांत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त येतात. काना आणि वेलांट्या मात्र वाचतात. परिणाम असा, की ‘पुणे’चं ‘पण’ होतं, ‘मुंबई’चं ‘मबई’ आणि ‘केले’, ‘कुल’, ‘कल’ या तिन्हींचं ‘कल’. अशा मजकुरावर शिकलेलं प्रतिमान मराठीत कच्चं निघालं, तर दोष मराठीच्या अवघडपणाचा नसतो. गूगलनेही लवकरच दुसरी आवृत्ती आणली आणि तीच वापरावी असं सुचवलं.

मराठीचा स्वतःचा असा एक सापळा याच थरात आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यास दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यास शिधा. फरक तेवढ्या एका अर्ध्या र चा. हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो: एक तर ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यांच्यानंतर एक न दिसणारं जोडक चिन्ह घालून. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात आणि यंत्राला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. त्यातच मजकूर स्वच्छ करणाऱ्याने ‘अदृश्य चिन्हं काढा’ अशी आज्ञा दिली, की दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या सगळ्या दऱ्या एका क्षणात दर्या होतात. मराठी संग्रह तयार करणाऱ्याने पहिल्या दिवशी करण्याचं काम म्हणजे दोन्ही प्रकार एका रूपात आणणं, आणि तेही ते अदृश्य चिन्ह पुसण्याच्या आधी.

हा थर नीट झाला, की दुसरा सुरू होतो. आज जवळपास सगळीकडे तुकडे पाडण्याच्या ज्या पद्धती वापरतात, त्यांतली एक मूळची फाइली लहान करण्यासाठी फिलिप गेज यांनी 1994 मध्ये मांडली होती. 2016 मध्ये रिको सेनरिख आणि सहकाऱ्यांनी ती यांत्रिक भाषांतरासाठी वापरली आणि ती रूढ झाली. पद्धत सोपी आहे. सुरुवातीला प्रत्येक चिन्ह सुटं धरायचं. संग्रहात शेजारी शेजारी सर्वांत जास्त वेळा येणारी जोडी शोधायची आणि तिचा एक तुकडा करायचा. मग पुन्हा मोजायचं, पुन्हा जोडायचं. ठरवलेल्या संख्येइतके तुकडे झाले, की थांबायचं.

हे एका चिमुकल्या संग्रहावर करून पाहू. समजा त्यात ‘घरात’ पाच वेळा, ‘घराला’ चार वेळा, ‘दारात’ तीन वेळा आणि लग्नाची ‘वरात’ दोन वेळा आली आहे. ‘र’ आणि काना ही जोडी चौदाही ठिकाणी आहे, म्हणून पहिला तुकडा ‘रा’. आता ‘रा’ आणि ‘त’ शेजारी येण्याची ठिकाणं दहा. ‘घ’ आणि ‘रा’ यांची नऊ. दहा जिंकतात आणि दुसरा तुकडा ‘रात’ होतो. तिसऱ्या फेरीत ‘घ’ आणि ‘रात’ मिळून ‘घरात’. इथे थांबलो, तर ‘घरात’ हा एक सबंध तुकडा आहे, ‘घराला’ मात्र ‘घ’, ‘रा’, ‘ल’, ‘ा’ असा विखुरलेला. दोघांत एकही तुकडा सामाईक नाही. ‘दारात’चा शेवट आणि ‘वरात’चा शेवट मात्र एकच, ‘रात’. एकात सप्तमीचा प्रत्यय आहे, दुसऱ्यात कसलाच प्रत्यय नाही, आणि मोजणीला दोन्ही सारखेच.

संग्रह मोठा केला, की ‘घर’सारख्या वारंवार येणाऱ्या शब्दांची स्थिती सुधारते. पण मराठीतली बहुसंख्य रूपं विरळ असतात आणि त्यांच्या बाबतीत तुकडा मूळ शब्दाच्या पोटातच पडत राहतो. याचं कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. तिला ‘काय वारंवार शेजारी येतं’ एवढंच दिसतं. मराठीत प्रत्यय कायम सामान्यरूपाच्या शेवटच्या स्वराला लागून येतो. ‘रात’, ‘नाला’, ‘साठी’, ‘च्या’ असे जोड मूळ शब्दांपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतात, आणि म्हणून आधी तेच घट्ट होतात.

इथे तुर्की किंवा फिनिश भाषेचं उदाहरण अनेकदा दिलं जातं. त्या भाषाही प्रत्ययावर प्रत्यय चढवतात. फिनिशसाठी किम्मो कोस्केन्निएमी यांनी 1983 मध्ये मांडलेली द्विस्तरीय रूपविश्लेषणाची पद्धत आजही या क्षेत्राचा पाया मानली जाते. शब्दाचं कागदावरचं रूप आणि त्याच्या आतलं मूळ रूप असे दोन स्तर समोरासमोर ठेवायचे आणि त्यांच्यातले फरक नियमांनी सांगायचे, ही तिची कल्पना. मराठीला ती पूर्णपणे लागू पडते, कारण मराठीत प्रत्यय लागताना मूळ शब्द तसाच राहत नाही. हा आता तिसरा थर.

‘माणसांनाही’ हा शब्द घेऊ. रूपविश्लेषक उजवीकडून सुरुवात करतो. ‘ही’ सुटतो. ‘ना’ सुटतो. उरतं ‘माणसां’. अनुस्वार अनेकवचनी सामान्यरूपाचा, तो काढला की ‘माणसा’. शेवटचा ‘आ’ सामान्यरूपाचा, तो काढला की ‘माणस’. शब्दकोशात ‘माणस’ नाही. मग एक नियम लावायचा: काही पुल्लिंगी नामांत शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ऊ सामान्यरूपात गळतो, तो परत घालून पाहा. ‘माणूस’ मिळतो, तो कोशात आहे आणि या गटातला आहे अशी नोंदही आहे. ‘कापूस’ याच गटातला. ‘पाऊस’ जवळचा, पण त्यात ‘ऊ’च्या जागी ‘व’ येतो, ‘पावसाला’. ‘देऊळ’ही तसाच, ‘देवळात’. ‘पैसा’मध्ये स चा श होतो. ‘विहीर’मध्ये दीर्घ ई ऱ्हस्व होते, म्हणून ‘विहीर’ टाइप करून शोधणाऱ्याला ‘विहिरीत’ असलेलं पान सापडत नाही.

आयआयटी मुंबईतल्या मुग्धा बापट, हर्षदा गुणे आणि पुष्पक भट्टाचार्य यांनी 2010 मध्ये मराठीसाठी असा विश्लेषक मांडला. त्यांच्या पद्धतीचा कणा म्हणजे एकसारखं बदलणाऱ्या शब्दांचे गट करणं आणि कोशातल्या प्रत्येक शब्दापुढे त्याचा गट लिहिणं. शाळेत सामान्यरूपं पाठ केलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’पासून मराठी व्याकरणकारांनी हे बदल नोंदवलेलेच आहेत. यंत्राला ते अपवादांसकट आणि प्रत्येक शब्दापुढे लिहून द्यावे लागतात, एवढाच फरक आणि तेवढंच काम.

कोशाशिवाय केवळ प्रत्यय कापण्याचा सोपा मार्गही अनेकांनी अवलंबला आहे. ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘स’ दिसले की कापायचे. असं साधन ‘महिला’तला ‘ला’ कापतं, ‘सोने’तला ‘ने’, ‘दिवस’मधला ‘स’. ‘गुजरात’मध्ये त्याला कुठला तरी ‘गुजरा’ दिसतो आणि ‘हात’चा ‘हा’ उरतो. दुसऱ्या बाजूने ‘माणसा’ आणि ‘माणूस’ हे त्याला कधीच एक वाटत नाहीत. दोन्ही चुका तपासायला मोठा प्रयोग लागत नाही. तसल्या साधनाला प्रत्यय नसलेले पण प्रत्ययासारखे संपणारे शंभर शब्द द्यावेत आणि त्यातले किती ते अखंड परत देतं ते मोजावं.

विश्लेषक चांगला झाला, तरी एक अडचण शिल्लक राहते, ती म्हणजे एका रूपाची अनेक मुळं. ‘पोळ्यांना’ हा शब्द ‘पोळी’चा असेल, मधमाश्यांच्या ‘पोळ्या’चा असेल किंवा बैलपोळ्याचा. ‘माळ्यावर’ म्हणजे घराच्या माळ्यावर, की माळीबुवांवर? ‘पोळ्यांना तूप लावलं’ आणि ‘पोळ्यांना धूर दिला’ ही दोन वाक्यं वाचणाऱ्याला शंका येत नाही, कारण तो ‘तूप’ आणि ‘धूर’ वाचतो. विश्लेषकाचं काम तिन्ही शक्यता प्रामाणिकपणे पुढे करणं, एवढंच असावं. निवड वाक्य पाहणाऱ्या पुढच्या टप्प्याने करावी. एकच उत्तर देणारा विश्लेषक वापरायला सोयीचा वाटतो, पण त्याने चुकीची शक्यता निवडली, की योग्य शक्यता पुढे कोणालाच दिसत नाही.

काही वेळा उलट घडतं आणि सामान्यरूपच अर्थ सांगतं. ‘आशेने पाहिलं’ म्हणजे मनात आशा धरून पाहिलं. ‘आशाने पाहिलं’ म्हणजे आशा नावाच्या मुलीने. ‘कवितेने’ आणि ‘कविताने’, ‘पूजेला’ आणि ‘पूजाला’ यांतही तेच. आजच्या मराठीत व्यक्तिनामांचं सामान्यरूप सहसा होत नाही, आणि त्यामुळे नाव कुठलं आणि साधं नाम कुठलं हे तो एक स्वर सांगून जातो. इंग्रजीत हे काम मोठं अक्षर करतं. देवनागरीत तशी सोय नाही. दोन्ही शब्द मुळाशी नेऊन ‘आशा’ एवढंच ठेवणारी प्रणाली भाषेने हातात दिलेली खूण फेकून देते. म्हणून मूळ शब्दाबरोबर ‘सामान्यरूप झालं की नाही’ हेही नोंदवणारा विश्लेषकच उपयोगाचा. उसन्या शब्दांतही हीच तपासणी लागते: ‘बसने’, ‘मोबाईलवर’ यांत सामान्यरूप नाही, ‘टेबलावर’ आणि ‘टेबलवर’ दोन्ही चालतात, ‘नागपुरात’ म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात ‘नागपूरला’ म्हणतो.

मग या दोन मार्गांचं, मोजणीचं आणि व्याकरणाचं, जमायचं कसं? शब्द पूर्णपणे मुळापर्यंत नेऊन ‘माणूस + अनेकवचन + ना + ही’ असा प्रणालीला द्यावा, हा एक पर्याय. तो शोधासाठी उत्तम, पण मजकूर लिहिणाऱ्या प्रणालीला त्या तुकड्यांपासून पुन्हा ‘माणसांनाही’ जुळवावा लागतो आणि तिथे नव्या चुका शिरतात. त्यापेक्षा मधला मार्ग जास्त भरवशाचा दिसतो. रूप बदलायचं नाही; विश्लेषकाने फक्त सांधे दाखवायचे, ‘माणसां|ना|ही’, आणि जोड्या मोजणाऱ्या पद्धतीला त्या रेघेपलीकडे जोडणी करू द्यायची नाही.

वरचाच चिमुकला संग्रह असा रेघा मारून घेऊ: ‘घरा|त’, ‘घरा|ला’, ‘दारा|त’, आणि ‘वरात’ अखंड. पहिला तुकडा पुन्हा ‘रा’, चौदा वेळा. पण आता ‘रा’ आणि ‘त’ ही जोडी फक्त ‘वरात’मध्ये, दोनदाच उरते. दुसरा तुकडा ‘घरा’ होतो, नऊ वेळा. तिसरा ‘ला’. तितक्याच तीन जोडण्यांनंतर ‘घरात’ म्हणजे ‘घरा’ आणि ‘त’, ‘घराला’ म्हणजे ‘घरा’ आणि ‘ला’. घर दोन्हीकडे एकच राहिलं. ‘दारात’चा ‘त’ आणि ‘घरात’चा ‘त’ हेही एकच. ‘वरात’मधला ‘त’ या घडीला सुटा आहे, पण त्या शब्दात रेघ नसल्याने पुढच्या जोडण्यांत तो सबंध होईल. ‘दारात’चा ‘त’ मात्र ‘दारा’ला कधीच चिकटणार नाही. ‘माणसा’ आणि ‘माणूस’ यांचं नातं या पद्धतीतही दिसत नाही, ही तिची मर्यादा. तेवढं नातं प्रतिमानाला संदर्भावरून शिकावं लागतं.

टोकनायझर चांगला की वाईट, हे सहसा एका आकड्याने सांगतात: एका शब्दामागे सरासरी किती टोकन पडले. आकडा जितका लहान, तितकं काम स्वस्त आणि वेगवान, हे खरं. पण ‘रात’सारखा तुकडाही हा आकडा कमी करतो. म्हणून मराठीसाठी आणखी दोन गोष्टी पाहायला हव्यात. एक, पडलेल्या तुकड्यांच्या सीमा किती ठिकाणी खऱ्या सांध्यांवर आहेत. दोन, शंभर-दोनशे नामांची प्रत्येकी दहा रूपं घेतली, तर त्या दहांत मूळचा एक तुकडा टिकतो का. ‘दर्या-दऱ्या’ आणि ‘आशेने-आशाने’ अशा जोड्या शेवटपर्यंत वेगळ्या राहतात का, हेही त्याच बैठकीत कळतं.

हे तपासायला मराठी मजकूर लागतो आणि तिथे एक विचित्र परिस्थिती आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. म्हणजे मुक्तपणे वापरता येणारं मराठी साहित्य, उदाहरणार्थ 1919 मध्ये निवर्तलेल्या हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या, जुन्या लेखनपद्धतीतलं आहे. 1962 च्या नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार काढले. त्याआधी ‘कांहीं’, ‘नांव’, ‘त्यानें’ लिहिलं जाई. ‘कांहीं’चं ‘काहीं’ किंवा ‘काही’ झालं, तर अर्थ बिघडत नाही. पण जुन्या पुस्तकातलं ‘घरांत’ म्हणजे एका घरात, आणि आजच्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. दोन्ही काळांचा मजकूर एकत्र मिसळला, तर एकवचन आणि अनेकवचन यांच्यातली खूण यंत्राच्या दृष्टीने निरर्थक होते. जुनं पुस्तक आहे तसं जपावं, त्याच्यासोबत आजच्या लेखनातली प्रत ठेवावी आणि प्रत्येक मजकुरावर प्रकाशनाचं वर्ष लिहावं, याला पर्याय नाही. ‘केले’ आणि ‘केलं’, ‘घरे’ आणि ‘घरं’ हे आजच्या मराठीतले जोडही असेच ओळखून ठेवावे लागतात.

आठ कोटी तीस लाखांहून अधिक लोकांनी 2011 च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगितली. पुण्यातल्या एल-३ क्यूब गटाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘महाकॉर्पस’ या संग्रहात मराठीची सुमारे 2 कोटी 48 लाख वाक्यं आहेत. कच्चा मजकूर आता अगदीच तुटपुंजा म्हणता येणार नाही. पण ज्या वाक्यांतल्या प्रत्येक शब्दाचं मूळ, विभक्ती, वचन आणि वाक्यातलं नातं माणसाने हाताने लिहिलं आहे, अशा ‘युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज’ या जागतिक संग्रहातल्या मराठी भागात फक्त 466 वाक्यं आहेत. रेघा कुठे माराव्यात हे शिकण्यासाठी आणि मारलेल्या रेघा बरोबर आहेत का हे पाहण्यासाठी लागतो तो हा दुसऱ्या प्रकारचा मजकूर.

तो संगणकशास्त्रज्ञ एकट्याने तयार करू शकत नाहीत. ‘पोळ्यांना’ची तीन मुळं आणि ‘आशाने’तला न झालेला बदल ज्यांना पाहताक्षणी दिसतो, ते लोक आज मराठीच्या वर्गांत शिकवत आहेत, मुद्रितशोधनाची कामं करत आहेत, मराठी विषय घेऊन एम.ए. करत आहेत. मराठी विभागांनी एकेका वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून पाचशे-पाचशे वाक्यांचं असं विश्लेषण ठरलेल्या पद्धतीने करून घ्यावं, दोघांनी तेच वाक्य स्वतंत्रपणे सोडवून मतभेद नोंदवावेत आणि ते सर्वांसाठी खुलं करावं. चार महाविद्यालयांनी हे एकदा केलं, तरी आजच्या 466 वाक्यांच्या चौपटीहून अधिक साठा एका वर्षात उभा राहील.